भारतातली बी.आर्च. आणि अमेरिकेतला आर्किटेक्टचा परवाना: पदवी, तास आणि सहा पेपर

भारतात बी.आर्च.ची पाच वर्षं संपली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे अर्ज करायचा, नोंदणी क्रमांक मिळाला की 1972च्या कायद्यानुसार आपण आर्किटेक्ट. अमेरिकेत ही पदवी तीन पायांपैकी फक्त एक आहे. दुसरा पाय नोंदवलेल्या अनुभवाचा, तिसरा परीक्षांचा. तिन्ही पूर्ण होईपर्यंत नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लिहिणं जवळपास सगळ्याच राज्यांत बेकायदेशीर असतं. भारतातली नोंदणी आणि दहा वर्षांचा अनुभव गाठीशी असला तरी व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्किटेक्चरल डिझायनर’ किंवा तसंच काहीतरी लिहावं लागतं. परवानाधारक आर्किटेक्टच्या हाताखाली काम करायला मात्र परवाना लागत नाही, त्यामुळे नोकरी आणि ही प्रक्रिया बरोबरीने चालू शकतात.

मी 2018 मध्ये सुरुवात केली आणि 2023 मध्ये परवाना हातात आला. यात अभ्यासाला गेला त्याहून जास्त वेळ वाट पाहण्यात गेला, आणि त्यातली बरीचशी वाट कागदांचा क्रम नीट लावला तर टळू शकते. म्हणून हा क्रम सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, परवाना देतं कोण? केंद्र सरकार नाही. प्रत्येक राज्याचं स्वतंत्र बोर्ड असतं. पन्नास राज्यं, राजधानी आणि काही प्रदेश धरून अशी 55 बोर्डं आहेत. या सगळ्यांची मिळून एक संस्था आहे, तिला सगळे ‘एनकार्ब’ म्हणतात. एनकार्ब तुमची फाइल सांभाळते, अनुभवाचे तास मोजते, परीक्षा घेते. पण शेवटचा शिक्का राज्याचाच. त्यामुळे एनकार्बच्या संकेतस्थळावर खातं उघडण्याआधी कोणत्या राज्यातून पहिला परवाना घ्यायचा हे ठरवावं आणि त्या राज्याच्या बोर्डाचे नियम मुळातून वाचावेत. काही बोर्डं मान्यताप्राप्त पदवी किंवा तिच्या समकक्षतेचा अहवाल असल्याशिवाय परीक्षेलाही बसू देत नाहीत. काही ठिकाणी अनुभवाचे तास भरत असतानाच परीक्षा देता येते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासारखी राज्यं पदवी कमी पडत असेल तर जादा अनुभव धरतात, मात्र कॅलिफोर्नियात राष्ट्रीय परीक्षेनंतर राज्याची वेगळी पुरवणी परीक्षा असते. राहतो तिथलंच राज्य निवडलं पाहिजे असं बंधन सहसा नसतं.

आता पदवीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

अमेरिकेत ‘मान्यताप्राप्त पदवी’ म्हणजे नॅब या मंडळाने मान्यता दिलेली व्यावसायिक पदवी. ही मान्यता कॉलेजला नसते, त्या ठरावीक अभ्यासक्रमाला असते. आपल्याकडून बी.आर्च. करून जाणारे बरेच जण तिथे दीड-दोन वर्षांचं मास्टर्स करतात आणि आता पदवीचा प्रश्न मिटला असं धरून चालतात. पण ज्यांच्याकडे आधीच व्यावसायिक पदवी आहे त्यांच्यासाठी असलेला मास्टर्स, म्हणजे पोस्ट-प्रोफेशनल अभ्यासक्रम किंवा मास्टर ऑफ सायन्स, नॅबच्या मान्यतेत येतच नाही. एकाच विद्यापीठात एकाच नावाच्या विभागात दोन एम.आर्च. असतात, एक मान्यताप्राप्त आणि एक नाही. प्रवेशाच्या पत्रावर ‘प्रोफेशनल’ आणि ‘पोस्ट-प्रोफेशनल’ यातला कोणता शब्द आहे ते फी भरण्याआधी पाहून घ्या. मान्यताप्राप्त एम.आर्च. केलं तर भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करायची गरज उरत नाही. पोस्ट-प्रोफेशनल केलं तर शिक्षण म्हणून त्याचा उपयोग आहेच, पण परवान्यासाठी तुमची मूळ बी.आर्च.च तपासली जाते.

ही तपासणी नॅबचाच एक विभाग करतो. त्याचं नाव ईईएसए. तिथे तुमचा एकेक विषय एनकार्बच्या शैक्षणिक मानकाशी ताडून पाहिला जातो. मानक एकूण 150 सेमिस्टर क्रेडिटचं आहे. त्यात डिझाइनला 50, बांधकाम-संरचना-सेवा अशा तांत्रिक विषयांना 24, इतिहास-सिद्धांत आणि पर्यावरण यांना 16, व्यवसायाच्या विषयांना 9, ऐच्छिक 6 आणि सामान्य शिक्षणाला 45. भारतीय बी.आर्च.च्या पाच वर्षांत स्टुडिओ, स्ट्रक्चर्स, बिल्डिंग कन्स्ट्रक्शन हे सगळं भरपूर असतं, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही. अडतं ते सामान्य शिक्षणापाशी. अमेरिकन पदवीत विद्यार्थी लेखन, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, गणित, निसर्गविज्ञान हे विषय कॉलेजच्या पातळीवर शिकतो. आपण ते बारावीपर्यंत संपवलेले असतात आणि बारावी इथे धरली जात नाही. पहिल्या वर्षापासून नुसतं आर्किटेक्चरच शिकल्यामुळे 45च्या रकान्यात थोडेच क्रेडिट जमा होतात. अहवाल वाचताना पोटात गोळा येतो, पण ‘कमतरता’ या शब्दाने घाबरून जायचं कारण नाही. ती पदवीच्या दर्जाबद्दलची टिप्पणी नसते, फक्त कोणत्या रकान्यात किती क्रेडिट कमी आहेत याची यादी असते.

ती भरून कशी काढायची हे एका उदाहरणाने सांगते. समजा अहवालात सामान्य शिक्षणात 18 क्रेडिट कमी निघाले: लेखनात 6, सामाजिक शास्त्रांत 6, निसर्गविज्ञानात 6. एक मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त कम्युनिटी कॉलेजातून तीन-तीन क्रेडिटचे सहा कोर्स करणं. नोकरी सांभाळून दर सत्राला दोन म्हटले तरी दीड वर्ष जातं. दुसरा मार्ग क्लेप या परीक्षांचा. कॉलेज बोर्ड त्या घेतं आणि बहुतेक पेपर साधारण दीड तासाचे असतात. ‘कॉलेज कॉम्पोझिशन’, ‘सोशल सायन्सेस अँड हिस्ट्री’ आणि ‘नॅचरल सायन्सेस’ या तिन्हींसाठी 50 गुण मिळाले तर प्रत्येकी 6 क्रेडिटची शिफारस असते. म्हणजे तीन पेपरांत 18. मात्र पैसे भरण्याआधी कोणता कोर्स किंवा पेपर कोणत्या रकान्यात धरला जाईल हे ईईएसएकडून लेखी घ्या. आधी कोर्स करून मग विचारलं आणि तो दुसऱ्याच रकान्यात गेला, तर तिथे आधीच पुरेसे असलेले क्रेडिट वाढतात आणि कमतरता तशीच राहते.

या अर्जासाठी विद्यापीठाकडून दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही भारतात असतानाच मागवून घेणं सोपं. एक, परीक्षा विभागाचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट. ते विद्यापीठाने थेट, बंद आणि शिक्का मारलेल्या लिफाफ्यात पाठवायचं असतं. तुमच्याकडच्या मार्कशीटच्या झेरॉक्स तिथे चालत नाहीत. दोन, तुम्ही शिकलात त्या वर्षांचा अभ्यासक्रम, इंग्रजीत, प्रत्येक विषयाचे आठवड्याचे तास आणि मजकूर यांसह. विद्यापीठ दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतं आणि संकेतस्थळावर फक्त नवा ठेवतं. नवा जोडला तर मार्कशीटवरची विषयांची नावं जुळत नाहीत आणि फाइल प्रश्नांसह परत येते. जुनी प्रत बहुधा कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या जुन्या प्राध्यापकांच्या कपाटात सापडते. तिच्यावर प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन ठेवा.

इथेच नावाचा घोळ निघतो. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि कधी शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर तिसरंच रूप तयार होतं. एनकार्बच्या फाइलमधलं नाव परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्राशी जुळायला हवं, म्हणून फाइल पासपोर्टच्या नावाने उघडा. मार्कशीटवरचं नाव त्याच व्यक्तीचं आहे असं प्रतिज्ञापत्र, आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, पहिल्याच अर्जाला जोडा.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. परदेशात आधीच नोंदणीकृत असलेल्या आर्किटेक्टसाठी एनकार्बच्या प्रमाणपत्राचा वेगळा मार्ग आहे. त्यात मूळ देशातला परवाना चालू आणि निष्कलंक असावा लागतो आणि त्या देशात परवान्यासाठी मान्य असलेल्या पदवीचा पुरावा लागतो. अनुभवाचे तास आणि परीक्षा मात्र बाकीच्यांइतक्याच पूर्ण कराव्या लागतात. या मार्गाने ईईएसएचं मूल्यमापन टळू शकतं. सगळी राज्यं तो मानत नाहीत, म्हणून आपल्या बोर्डाला ईमेल करून विचारावं. पण परदेशात गेलो म्हणून कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण सोडून देऊ नका. लॅप्स झालेली नोंदणी या मार्गासाठी उपयोगाची नाही.

पदवीची फाइल फिरत असताना दुसरा पाय सुरू करायचा, तो अनुभवाच्या नोंदींचा. याला एएक्सपी म्हणतात. एकूण 3,740 तास आणि ते सहा भागांत वाटलेले: प्रॅक्टिस मॅनेजमेंट 160, प्रोजेक्ट मॅनेजमेंट 360, प्रोग्रामिंग अँड अॅनालिसिस 260, प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन 1,080, प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन 1,520, कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन 360. निदान 1,860 तास, म्हणजे जवळपास निम्मे, ‘सेटिंग ए’मध्ये म्हणजे अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या परवानाधारक आर्किटेक्टच्या देखरेखीखाली, आर्किटेक्चरच्या कार्यालयात झालेले असावे लागतात. बाकीच्यांत ‘सेटिंग ओ’मधला म्हणजे इतर ठिकाणचा अनुभव येऊ शकतो, भारतातल्या नोंदणीकृत आर्किटेक्टकडे केलेलं कामही. त्यावर मर्यादा आहेत आणि ते तास तुमच्या तिथल्या वरिष्ठांनी ऑनलाइन मंजूर करावे लागतात, म्हणून नोकरी सोडण्याआधी त्यांचा कायम वापरातला ईमेल आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या.

वर्षाला साधारण 2,000 तास काम धरलं तर कागदावर हे दोन वर्षांच्या आत संपायला हवं. तसं होत नाही, कारण प्रत्येक भागाचा आकडा भरला की त्यातले पुढचे तास वाया जातात. नव्या माणसाला ऑफिस ड्रॉइंगवर बसवतं. पहिल्या वर्षाच्या 2,000 तासांतले 1,700 वर्किंग ड्रॉइंगमध्ये गेले, तर डॉक्युमेंटेशनचे 1,520 धरले जातात आणि 180 तास कुठेच मोजले जात नाहीत. वर्ष संपलं तरी प्रॅक्टिस मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन हे रकाने रिकामेच. त्यामुळे डॉक्युमेंटेशन हजारापर्यंत आलं की वरिष्ठांशी बोलायला बसा आणि सोबत रकान्यांचा कागद न्या. ‘मला साइटवर पाठवा’ एवढंच म्हणण्यापेक्षा ‘या प्रकल्पाच्या साइट मीटिंगचे इतिवृत्त मी लिहीन, शॉप ड्रॉइंग आधी मी तपासून तुमच्याकडे देईन, कंत्राटदाराच्या शंकांची उत्तरं मी मसुद्यात लिहीन’ असं नेमकं मागितलं तर होकार लवकर मिळतो, कारण त्यात त्यांचंही काम हलकं होतं. प्रॅक्टिस मॅनेजमेंटच्या 160 तासांसाठी फीचा प्रस्ताव तयार करणं, कोणत्या टप्प्यावर किती माणसं लागतील याचा अंदाज काढणं, सल्लागारांचे करार वाचणं ही कामं चालतात.

नोंद करताना रोजच्या टाइमशीटशेजारी एक रकाना वाढवा आणि त्यात एएक्सपीचा भाग तिथल्या तिथे लिहा. तीन महिन्यांनी आठवून भरलेल्या नोंदीवर वरिष्ठ सही करताना अडखळतात, आणि ते साहजिक आहे. मी नोंदी करत होते तेव्हा नियम असा होता की काम केल्यापासून आठ महिन्यांच्या आत नोंदवलं तर पूर्ण तास धरायचे, उशीर झाला तर निम्मे. सध्याचा नियम एनकार्बच्या मार्गदर्शिकेत पाहून घ्या, पण दर दोन महिन्यांनी नोंद पाठवण्याची सवय कोणत्याही नियमात कामाला येते. याचं आणखी एक कारण आहे. वरिष्ठ नोकरी बदलतात. नोंद मंजूर व्हायच्या आधी ते गेले तर त्यांना शोधत बसावं लागतं.

तिसरा पाय परीक्षा. सध्याची आवृत्ती एआरई 5.0, नोव्हेंबर 2016 पासून सुरू असलेली. सहा पेपर आहेत आणि त्यांची नावं वरच्या सहा भागांचीच आहेत. क्रम तुम्ही ठरवायचा. प्लॅनिंग अँड डिझाइन आणि डॉक्युमेंटेशन हे प्रत्येकी 100 प्रश्नांचे आणि चार तासांहून थोडे मोठे. बाकीचे 65 किंवा 75 प्रश्नांचे, तीन तासांच्या आतबाहेर. मी दिली तेव्हा प्रत्येक पेपरची फी 235 डॉलर होती, म्हणजे सहांचे 1,410, आणि नापास झाल्यास त्या पेपरची पुन्हा पूर्ण फी. पुन्हा बसायला 60 दिवस थांबावं लागतं आणि एका पेपरला बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा बसता येतं. पूर्वी पहिल्या उत्तीर्ण पेपरपासून पाच वर्षांत सगळं संपवावं लागे. 2023 मध्ये तो नियम गेला आणि आता गुण त्या आवृत्तीच्या आणि पुढच्या आवृत्तीच्या काळापर्यंत टिकतात. ज्यांचं तेवढ्यासाठी राहिलं होतं त्यांनी आपलं खातं पुन्हा उघडून पाहावं.

आपल्याकडे शिकलेल्यांना डिझाइनचे प्रश्न अवघड जात नाहीत. अवघड जातात तीन गोष्टी: फूट-इंच, अमेरिकन इमारत संहिता आणि करार. प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन हे तिन्ही पेपर करारांभोवती फिरतात, म्हणून मी ते लागोपाठ दिले आणि तसंच करावं असं माझं मत आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे बी101 आणि ए201 हे दोन करार ओळ न् ओळ वाचा. पहिला मालक आणि आर्किटेक्टमधला, दुसरा बांधकामाच्या सर्वसाधारण अटींचा. भारतात साइटवर आर्किटेक्ट कंत्राटदाराला ‘हे पाडा, असं करा’ म्हणून टाकतो. ए201 प्रमाणे आर्किटेक्ट सदोष काम नाकारू शकतो, पण बांधकामाची पद्धत, क्रम आणि सुरक्षितता ही पूर्णपणे कंत्राटदाराची जबाबदारी. साइटवर धोकादायक खड्डा दिसला तर काय कराल अशा प्रश्नात आपलं सवयीचं उत्तर नेमकं चुकीचं ठरतं.

संहितेचा प्रश्न कसा येतो तेही पाहा. टेबल-खुर्च्यांचा एक हॉल आहे, 40 फूट बाय 60 फूट. क्षेत्रफळ 2,400 चौरस फूट. अशा वापराला दर माणशी 15 चौरस फूट निव्वळ, म्हणजे 160 माणसं. दारांसाठी दर माणशी 0.2 इंच धरलं तर एकूण 32 इंच रुंदी लागते, आणि एका दाराची किमान मोकळी रुंदीही 32 इंचच. इथे थांबलात तर उत्तर ‘एक दार पुरे’ असं येईल, आणि पर्यायांत ते दिलेलंही असतं. पण 49 पेक्षा जास्त माणसं आली की दोन दारं हवीत. ती बाहेरच्या दिशेने उघडायला हवीत आणि सभागृहाच्या वापरात कडी-कुलूप लावलंच तर ढकलताच उघडणाऱ्या आडव्या दांडीचं हवं. दोन दारांतलं अंतर हॉलच्या कर्णाच्या निम्म्याहून कमी नको. कर्ण साधारण 72 फूट, म्हणजे अंतर 36 फूट. स्प्रिंकलर असतील तर एक-तृतीयांश, 24 फूट. प्रश्न हिशेबाचा दिसतो, पण परीक्षा पायऱ्यांच्या क्रमाची असते. असे वीस-पंचवीस हिशेब हाताने केले की मीटरमध्ये विचार करणारं डोकं फूट-इंचांत रुळतं.

परीक्षा केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येते. मी दिली तेव्हा दोन्हीकडे कच्च्या कामाला कागद मिळत नव्हता, स्क्रीनवरच्या फळ्यावर लिहावं लागे. कागदावर आकृत्या काढत विचार करायची सवय असलेल्यांची पहिल्या पेपरला इथे फार तारांबळ उडते, म्हणून एनकार्बच्या मोफत सराव परीक्षेत तो फळा आधी वापरून पाहा. घरून देणार असाल तर खोलीत कुणी आलं तरी पेपर थांबवला जाऊ शकतो. लहान मुलं असलेल्या घरातून केंद्रावर जाणंच बरं. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच. नापास झाल्यावर मिळणाऱ्या अहवालात कोणत्या उपविभागात कमी पडलात ते दिसतं. पुढचे 60 दिवस सगळं पुस्तक परत वाचण्यापेक्षा त्या उपविभागांवर घालवावेत.

सहावा पेपर झाला की परवाना आपोआप येत नाही. राज्याच्या बोर्डाकडे वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि एनकार्बला तुमची फाइल त्या बोर्डाकडे पाठवायला सांगावं लागतं. बहुतेक बोर्डं सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. काही राज्यांत तिथल्या कायद्यांवर छोटी परीक्षा असते. या टप्प्यावर काही आठवडे काहीच हालचाल दिसत नाही. बोर्डाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी असते, त्यात आपलं नाव पत्र येण्याच्या आधी दिसू शकतं. क्रमांक मिळाल्यावरच शिक्का बनवायला टाका, कारण त्याचा व्यास आणि मजकूर प्रत्येक राज्य वेगळा ठरवतं. नूतनीकरणासाठी सतत शिक्षणाचे तास लागतात, अनेक राज्यांत वर्षाला 12. दुसऱ्या राज्यात काम करायचं असेल तर तिथला परवाना वेगळा घ्यावा लागतो, आणि त्या वेळी एनकार्बचं प्रमाणपत्र चालू असेल तर पदवीचे लिफाफे पुन्हा मागवावे लागत नाहीत.